गाडी किती वाजता येणार, तेही पत्रात लिहा

‘आपण प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.’ वाचनालयांच्या, शाळांच्या, मंडळांच्या लेटरहेडवर हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की लिहिणाऱ्याला ते वाक्य वाटतच नाही. वाचणाऱ्याचे वय ऐंशीच्या पुढे असेल तर मात्र त्याच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. बसायचे किती वेळ? बोलायचे कधी? जिने किती? रात्री घरी परत कोण सोडणार? हे प्रश्न ज्येष्ठ माणूस बहुधा विचारत नाही, कारण विचारले तर अटी घातल्यासारखे दिसते. म्हणून निमंत्रकानेच न विचारता उत्तरे द्यायची असतात, आणि त्याची जागा पत्र हीच.

समजा, वाईतल्या एका वाचनालयाचा अमृतमहोत्सव आहे. पाहुण्या म्हणून हव्या आहेत पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वय एक्याऐंशी, मधुमेह आहे, गुडघे दुखतात, आवाज मात्र अजून खणखणीत. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला.

पहिला निर्णय पत्राच्या आधीचा आहे: बाईंना कोणत्या नात्याने बोलवायचे? आपल्याकडे वयाला मान म्हणून सरळ अध्यक्षपद देऊन टाकतात. पण अध्यक्षाला पहिल्या दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंत व्यासपीठावर बसावे लागते आणि बोलायचे सगळ्यात शेवटी, म्हणजे मागच्या रांगा उठू लागल्यावर. प्रमुख पाहुण्याचे भाषण त्याच्या आधी होते, आणि क्रमपत्रिकेत ते वर घेता येते. उद्घाटकाचे काम तर पहिल्या अर्ध्या तासात संपते. त्यामुळे बाईंना प्रमुख पाहुण्या करावे, अध्यक्षपद संस्थेच्याच एखाद्या धडधाकट पदाधिकाऱ्याने घ्यावे, हे मला जास्त आदराचे वाटते. शिवाय व्यासपीठावर आणखी कोण असणार, हे पत्रात यायलाच हवे. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यातल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवले, ते फुल्यांनी पत्र लिहूनच नाकारले आणि ते उत्तर ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आले. कोणाच्या मांडवात आपण बसणार आहोत, हे पाहण्याचा हक्क पाहुण्याला असतो. आमदारसाहेब येणार असतील आणि त्यांच्यासाठी कार्यक्रम थांबणार असेल, तर तेही आधी ठरवून टाकावे. आमच्या मते थांबू नये.

आधी फोन करावा, तोंडी होकार आला की महिनाभर आधी पत्र, आणि लेखी संमती हाती आल्यावरच निमंत्रणपत्रिका छापायला द्यावी. आधी नाव छापून मग ‘आता नाही म्हणू नका’ ही गळ घालणे अगदी रूढ आहे, म्हणून ते बरे ठरत नाही.

पत्र साधारण असे होईल:

‘आदरणीय बाई, सा. न. वि. वि.
फोनवर बोलणे झाले त्याप्रमाणे हे पत्र. आमच्या वाचनालयाच्या अमृतमहोत्सवाचा समारंभ रविवार, १८ जानेवारी रोजी आहे. त्याला आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. अध्यक्षस्थानी वाचनालयाचे अध्यक्ष असतील. अन्य वक्ते नाहीत. “आजचा वाचक” या विषयावर आपण वीस-पंचवीस मिनिटे बोलावे. बसून बोलण्यासाठी खुर्ची व माईकची सोय असेल.
कार्यक्रम ५ वाजता सुरू होईल. आपले भाषण ५.२० ला, आणि ६.१५ पर्यंत समारंभ संपेल. सभागृह तळमजल्यावर आहे. व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत, तेथे आमचा कार्यकर्ता हाताला असेल.
आपल्याला आणण्यासाठी दुपारी १ वाजता गाडी घरी येईल. सोबत आमच्या कार्यकारिणीच्या एक सदस्या असतील. आपल्याबरोबर घरचे कोणी येणार असल्यास आनंदच आहे. कार्यक्रमानंतर जेवून ७.३० ला निघाल्यास दहाच्या सुमारास घरी पोहोचाल. मुक्काम सोयीचा वाटल्यास तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली राखून ठेवली आहे.
प्रवास व राहण्याचा खर्च वाचनालयाचा. मानधन म्हणून तीन हजार रुपये स्वीकारावेत. जेवणाचे पथ्य कळवावे.
प्रकृतीमुळे किंवा अन्य कारणाने जमणार नसेल तर निःसंकोच तसे सांगावे. २५ डिसेंबरपर्यंत उत्तर मिळाल्यास पत्रिका छापता येईल. कळावे, लोभ असावा.’

खाली कार्यवाहांची सही आणि एकच मोबाइल नंबर. चार नंबर दिले की पाहुण्याला नेमके कोणाला विचारायचे ते कळत नाही.

यातल्या वेळा उलट्या बाजूने बसवलेल्या आहेत. पुण्याहून वाईला एरवी अडीच तास धरावेत, पण रविवारी कात्रज आणि खंबाटकी घाटाचा भरवसा नाही. म्हणून साडेतीनला पोहोचायचे, चहा घेऊन तासभर पाठ टेकायची, मग सभागृह. पाचचा कार्यक्रम पावणेसहाला सुरू करायची सवय असेल तर पत्रात पावणेसहाच लिहावे. मधुमेहाच्या माणसाचे जेवण आणि गोळी घड्याळाला बांधलेली असते. इथे अर्ध्या तासाचा लबाडपणा महागात पडतो.

गाडीचेही तसेच. पाहुण्यांसाठी मोठी, उंच गाडी पाठवण्यात संस्थेला अभिमान वाटतो, आणि पाहुणे पायरीवर अडखळतात. गुडघे दुखणाऱ्याला ना फार उंच, ना फार खोल बैठकीची गाडी बरी. वाटेत सातारा रस्त्यावरून आणखी दोन पाहुणे उचलायचे असतील तर आधी विचारावे.

मानधनाचा आकडा लिहायला बरेच जण संकोचतात आणि निघताना गाडीच्या खिडकीतून पाकीट सरकवतात. समोरच्याला तिथे ना नाही म्हणता येते, ना हो. आकडा लहान असला तरी आधी कळलेला बरा. नको असेल तर त्या पत्रानेच कळवतील.

सत्काराबद्दल पत्रात न लिहिता फोनवर विचारले तरी चालते. शाल-श्रीफळ सगळ्यांनाच नको असते. घरात शाली साठलेल्या असतात, काहींना हाराच्या फुलांनी शिंका येतात. वाचनालयाने आपलेच एखादे प्रकाशन द्यावे. परिचयाचा मजकूर मात्र आठवडाभर आधी बाईंकडे पाठवून तपासून घ्यावा. निवेदक पुस्तकांची नावे चुकवतो आणि बाई सगळ्यांदेखत दुरुस्त करू शकत नाहीत.

आदल्या संध्याकाळी एक फोन करायचा: गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि त्याचा मोबाइल. चालकाकडे बाईंचा पत्ता, इमारतीचा मजला, लिफ्ट बंद पडली तर कोणाला हाक मारायची ते, आणि पाण्याची बाटली. परतीच्या वेळी त्याने बाईंना फाटकाशी न सोडता दारापर्यंत पोहोचवून कार्यवाहांना कळवायचे आहे, हेही त्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.