बिबट्याची भीती आणि टीव्हीचे तास

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यातली दोन लहान मुलं होती. चिडलेल्या लोकांनी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरला, पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्या दिवसांत वृत्तवाहिन्या लावाव्यात तर बिबट्याच. अंगणात झोपलेल्या कुत्र्याला उचलून नेणारा, बंगल्याच्या कुंपणावरून उडी टाकणारा. सीसीटीव्हीतली काही सेकंदांची दृश्यं, त्यावर लाल वर्तुळ, आणि तेच पुन्हा पुन्हा. पुण्यात बसून हे बघणाऱ्यांपैकी अनेकांचं निदान ठरलेलं होतं: बिबट्या तिथे पूर्वीपासून आहेच, लोकांना घाबरवलंय ते टीव्हीने.

हे निदान करणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या बाजूने बोलणारा एक सिद्धांत पन्नास वर्षांपासून आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रोस यांनी १९७६ मध्ये तो सविस्तर मांडला. माध्यमशास्त्राच्या वर्गात तो ‘कल्टिव्हेशन थिअरी’ म्हणून शिकवला जातो. एखादा हाणामारीचा कार्यक्रम बघून कोणी लगेच हाणामारी करतो का, हा गर्बनर यांचा प्रश्नच नव्हता. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात जगाचं जे चित्र तयार होतं ते बाहेरच्या जगाचं असतं की पडद्यावरच्या, हे त्यांना बघायचं होतं.

पद्धत साधी होती. आधी पडद्यावर काय दिसतं ते मोजायचं. मग लोकांना असे प्रश्न विचारायचे, ज्यांचं एक उत्तर वस्तुस्थितीच्या जवळ असेल आणि दुसरं टीव्हीतल्या जगाच्या. कुठल्याही आठवड्यात तुम्ही हिंसेच्या प्रसंगात सापडण्याची शक्यता किती, दहात एक की शंभरात एक? दिवसाला चार तासांहून जास्त टीव्ही बघणारे, दोन तासांहून कमी बघणाऱ्यांच्या तुलनेत, ‘टीव्हीचं उत्तर’ जास्त देत होते. जग क्रूर आहे, लोकांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, असंही ते अधिक म्हणत होते.

हाच प्रयोग शिरूरशेजारच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत करायचा तर टीव्हीचं उत्तर शोधायला लांब जावं लागणार नाही. तुमच्या भागात माणसाच्या जिवाला जास्त धोका कोणाचा, बिबट्याचा की सापाचा? भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसं मरतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यात बहुतेक ग्रामीण. घोणस, नाग, मण्यार उसातही आहेत आणि गोठ्यातही. पण रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला घोणस चावली तर त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही, आणि ती सीसीटीव्हीतही सापडत नाही. आता समजा, भरपूर टीव्ही बघणाऱ्यांनी जास्त प्रमाणात ‘बिबट्या’ असं उत्तर दिलं. सिद्धांत खरा ठरला?

नाही. खरी झटापट इथूनच सुरू होते.

पहिली अडचण अशी, की जुन्नर-आंबेगाव हा एकजिनसी मुलूख नाही. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, माळीणच्या बाजूला डोंगर, भातखाचरं आणि जंगल. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं आणि ऊस आला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने त्याच उसावर चालतात. बिबट्याला दडायला, पिल्लं घालायला उसासारखी जागा नाही, आणि खायला वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं आहेतच. त्यामुळे माणसाशी गाठ पडते ती मुख्यतः या बागायती पट्ट्यात. बागायतीमुळे घरात पैसा आला, पैशाबरोबर मोठा टीव्ही आला. म्हणजे ज्या घरात टीव्ही जास्त, त्याच घराच्या मागे बिबट्याही जास्त. दोन्ही गोष्टी एकाच पाटाच्या पाण्यातून आल्या. दोन्ही तालुक्यांची माहिती एकत्र करून ‘टीव्ही वाढतो तशी भीती वाढते’ असा आलेख काढला, तर तो अगदी सुबक येईल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

ही शंका टोरोंटोतल्या अँथनी डूब आणि ग्लेन मॅकडोनल्ड यांनी १९७९ मध्येच तपासली होती. त्यांनी जास्त आणि कमी गुन्हेगारीच्या वस्त्या वेगळ्या काढून प्रत्येकीत प्रश्न विचारले. सगळे आकडे एकत्र ठेवले की टीव्ही आणि भीती हातात हात घालून चालत होते. वस्ती लक्षात घेतली की संबंध जवळजवळ नाहीसा होत होता. तो शिल्लक उरला फक्त शहरातल्या जास्त गुन्हेगारीच्या भागात. इकडे मंचरच्या पुढे, उसाला लागून असलेल्या एका वस्तीवर मी एका आजींना विचारलं, बातम्या बघून भीती वाटते का. त्या म्हणाल्या, “बातम्या कशाला बघायच्या बाबा, मागल्या महिन्यात दावणीची शेळी नेली की. रक्ताचा माग पार पाटापर्यंत व्हता.” हे ऐकल्यावर त्यांच्या टीव्हीचे तास विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारायला तर हवेत. त्यांनी ते सांगितलेही: संध्याकाळच्या मालिका, मग बातम्या, जेवण होईपर्यंत. सातनंतर दार लावूनच घेतात ना, मग करायचं काय?

त्यांच्या या प्रतिप्रश्नात दुसरी अडचण आहे. टीव्हीमुळे भीती, की भीतीमुळे टीव्ही? बिबट्याच्या धास्तीने कुटुंब दिवेलागणीला आत येतं, पोरांना अंगणात खेळू देत नाही, आणि घरात बसल्यावर टीव्ही चालू होतो. एकदाच केलेल्या पाहणीत बाणाचं टोक कुठल्या बाजूला आहे हे दिसतच नाही. गर्बनर यांच्या टीकाकारांनी हा मुद्दा तेव्हाही काढला होता: भित्री माणसं घरी राहतात, म्हणून जास्त टीव्ही बघतात.

काळाचा क्रम लावला तर थोडा उजेड पडतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची मोहीम २००१ मध्ये सुरू झाल्यानंतर माणसांवरचे हल्ले चौपटीहून जास्त झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ सुरू झाले ते २००७ मध्ये. म्हणजे हल्ल्यांची ती मोठी लाट मराठीत चोवीस तास बातम्या सुरू होण्याच्या आधीची आहे. त्या लाटेत गाव घाबरलं ते वाहिन्यांमुळे, असं कोणाला म्हणता येणार नाही. आज वाहिन्यांनी त्या भीतीत भर घातली असेल, पण पाया त्यांनी घातलेला नाही.

तिसरी बाब मला सगळ्यात गंभीर वाटते. डूब-मॅकडोनल्ड यांच्यासारखी टीका झाल्यावर गर्बनर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सिद्धांतात दोन कल्पना घातल्या. टीव्हीमुळे वेगवेगळ्या गटांची मतं एकमेकांजवळ येतात, ही एक. आणि पडद्यावरचं जग स्वतःच्या अनुभवाशी जुळलं की परिणाम दुप्पट होतो, ही दुसरी. ऐकायला दोन्ही पटतात. पण जुन्नर-आंबेगावला लावून बघा. आहुप्याचा भरपूर टीव्ही बघणारा माणूस उसाच्या पट्ट्यातल्या माणसाइतकाच घाबरलेला निघाला, तर पहिली कल्पना खरी. आहुप्यात फरक नाही आणि फक्त ऊसपट्ट्यात आहे, तर दुसरी खरी. छापा पडो की काटा, जिंकणार सिद्धांतच. कुठला निकाल आला तर आम्ही चुकलो असं मानू, हे पाहणी करण्याआधी लिहून ठेवलं नसेल, तर त्या पाहणीला परीक्षा म्हणता येत नाही.

शिकागोचे समाजशास्त्रज्ञ पॉल हर्श यांनी गर्बनर यांनी वापरलेलीच राष्ट्रीय पाहणीची माहिती पुन्हा चाळली. ‘कमी बघणारे’ या गटातून अजिबात न बघणाऱ्यांना आणि ‘जास्त बघणारे’मधून आठ तास किंवा त्याहून अधिक बघणाऱ्यांना त्यांनी वेगळं काढलं. तेव्हा सरळ चढणारी रेघ मोडली. टीव्ही न बघणारे अनेक प्रश्नांवर बघणाऱ्यांपेक्षा जास्त भ्यालेले निघाले. आपल्याकडे हे न बघणारे कोण, ते दिवाळीनंतर शिवारात दिसतं. गाळप हंगामासाठी आलेली ऊसतोड कुटुंबं फडाशेजारी कोप्या घालतात. दार म्हणजे पाचटाचा आडोसा, पहाटे अंधारात फडावर जायचं, मूल बांधावर झोपवायचं. कोपीत टीव्ही नाही. बिबट्याच्या सगळ्यात जवळ आहेत ती हीच माणसं. तासांच्या रकान्यात त्यांच्यापुढे शून्य येईल आणि भीतीच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा. बहुतेक पाहण्या मात्र घरोघरी जातात, कोपीत जात नाहीत. त्यामुळे हे शून्य कागदावर येतच नाही.

म्हणून सिद्धांत मोडीत काढावा, असंही मला वाटत नाही. मायकेल मॉर्गन आणि जेम्स शॅनहन यांनी वीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून १९९७ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा टीव्ही आणि समजुती यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.०९ च्या आसपास आला. माणसामाणसांतल्या समजुतींत जो फरक दिसतो, त्याचा एक टक्काही यातून समजावता येत नाही. पण तो शून्य नाही, आणि अभ्यासामागून अभ्यासात तो पुन्हा पुन्हा सापडतो. गर्बनर यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की जिथे सगळेच टीव्ही बघतात तिथे तुलनेला कोरा माणूस मिळतच नाही, मग फरक लहानच दिसणार. तो मला अर्धा पटतो. आणखी एक अडचण आता वाढली आहे. गर्बनर यांच्या काळी अमेरिकेत तीन मोठी नेटवर्क होती आणि ती थोड्याफार फरकाने एकच जग दाखवत. आज नारायणगावच्या बाजारातल्या दुकानदाराने बिबट्या वाहिनीवर पाहिला, की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, तेही दुसऱ्याच राज्यातला, हे ‘टीव्हीचे तास’ मोजून कसं कळणार?

मग टीव्हीचा खरा वाटा कुठे शोधायचा? मी तरी ऊसपट्टा सोडून शोधीन. जिथे घराजवळ बिबट्या नाही, नातेवाइकांपैकी कोणाचं जनावर गेलेलं नाही, फडाशी संबंध नाही, अशा घरांमध्ये. तिथली भीती अनुभवातून आलेली नसणार, म्हणून पडद्याच्या वाट्याला जे येईल ते स्वच्छ दिसेल. आणि प्रश्नांचा क्रमही सांभाळीन. एल. जे. श्रम यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, उत्तर देण्याआधी लोकांना टीव्हीची आठवण करून दिली की जास्त आणि कमी बघणाऱ्यांमधला फरक बराचसा पुसला जात होता. पटकन अंदाज करताना माणूस जे चित्र चटकन आठवतं ते उचलतो. ते कुठून आलं हे विचारलं की तो ते बाजूला ठेवू शकतो. म्हणून एका गटाला थेट विचारायचं, बिबट्या की साप. दुसऱ्या गटाला आधी विचारायचं, शेवटचा बिबट्या तुम्ही कुठे पाहिला, शिवारात की पडद्यावर, आणि मग तोच प्रश्न. दोन्ही गटांच्या उत्तरांतलं अंतर हे टीव्हीच्या वाट्याचं अधिक प्रामाणिक माप आहे. पाहणी मात्र जूनमध्ये एकदा आणि ऊसतोड चालू असताना एकदा करावी लागेल. फड मोकळे झाले की बिबट्या उघड्यावर येतो आणि कॅमेऱ्यातही येतो, आणि नेमका त्याच आठवड्यात गेलेला पाहणीवाला दोन्हींची बेरीज टीव्हीच्या नावावर टाकून मोकळा होतो.