व्याज वाढलं, मग रोखा का उतरला?

युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल महागलं आणि धाराशिव-तुळजापूरकडेही फोडणी घालताना हात आखडू लागला. मार्च २०२२ ची महागाई ६.९५ टक्के निघाली. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर, म्हणजे ती बँकांना उसने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. कर्ज महागलं की कंपन्यांचा नफा घटणार, या धास्तीने सेन्सेक्स त्याच दिवशी तेराशे अंशांनी कोसळला. सरकारी रोख्यांचे भावही उतरले.

आता तुम्ही म्हणाल, व्याज वाढलं तर रोख्याला भाव यायला हवा! त्याचं असं आहे. समजा, सालाला ७ रुपये देणारा, दहा वर्षं मुदतीचा शंभराचा रोखा तुमच्याकडे आहे. उद्या ८ रुपये देणारा नवा रोखा निघाला, तर तुमचा शंभराला कोण घेईल? त्र्याण्णवच्या आसपासच विकावा लागेल. मुदत एकच वर्ष उरली असेल, तर घट जेमतेम रुपयाची.

मग रुपया तरी वधारला का? नाही. अमेरिकेनेही त्याच दिवशी दर अर्ध्या टक्क्याने वाढवला, परका पैसा तिकडे ओढला गेला आणि ९ मे रोजी डॉलर ७७ रुपयांच्या पुढे गेला.

म्हणून रोख्यांच्या म्युच्युअल फंडात पैसे घालण्याआधी त्यातल्या रोख्यांची मुदत विचारावी. बँकेतल्या मुदतठेवीला ही घसरण नाही. पण ठरल्या दराच्या जुन्या ठेवीला वाढीव व्याजही मिळत नाही.