तारीख लिहून ठेवली होती, तरी दंड भरला: रिटर्नच्या तारखांचा तक्ता आणि रोज सकाळचा पहारेकरी

हेडफोन लावून ऐकता येत नसेल त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. कोड दाखवायचा होता म्हणून बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय.

मी अल्लीपूरचा. आपला हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा. गावातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कागदपत्रांचं काम मी बघतो. सोयाबीन, कापूस, बियाणं हे सगळ्यांना दिसतं. पण कंपनी म्हटली की जीएसटी, टीडीएस, कंपनी रजिस्ट्रारकडचे फॉर्म हे पण मागे लागतातच, आणि ते कोणाला दिसत नाहीत. दंड लागला की मग दिसतात.

दोन-तीन वर्षांआधीची गोष्ट. आमची आमसभा १० सप्टेंबरला झाली. ताळेबंदाचा फॉर्म, म्हणजे एओसी-४, भरायचा होता. मी एका छापील कॅलेंडरवरून तारीख घेतली होती, ३० ऑक्टोबर. फॉर्म भरला २८ ऑक्टोबरला, आणि दोन दिवस आधीच काम झालं म्हणून खुश होतो. चलन निघालं तर नेहमीच्या फीवर १८०० रुपये जास्तीचे! आमचे अध्यक्ष म्हणाले, "काऊन रे, तीस तारीख होती ना?"

तीस तारीख नव्हतीच. नियम असा की एओसी-४ आमसभेपासून ३० दिवसांत भरायचा. आमसभेची नेहमीची शेवटची मुदत ३० सप्टेंबर, म्हणून कॅलेंडरवाले त्यात ३० दिवस मिळवून ३० ऑक्टोबर छापतात. आमची सभा १० सप्टेंबरला झाली, म्हणजे आमची तारीख १० ऑक्टोबर. उशीर १८ दिवस, रोजचे १०० रुपये, आणि या फीला वरची मर्यादा नाही. फॉर्म सहा महिने राहिला असता तर हिशोब तुम्हीच करा.

त्या दिवशी मला कळलं की मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकणं पुरत नाही. तारीख कुठून आली, हेही सोबत ठेवावं लागतं. म्हणून गूगल शीटमध्ये एक तक्ता केला. एका ओळीत एकच काम. रकाने असे: काम, कोणत्या काळासाठी, कशापासून मोजायचं, किती दिवस, मूळ तारीख, वाढीव तारीख, पावती नंबर, शेवटचा पाठवलेला टप्पा.

एओसी-४ च्या ओळीत मी आता तारीख हाताने लिहितच नाही. आमसभेची तारीख टाकतो, शीट त्यात ३० मिळवते. त्याखाली वार्षिक विवरणाचा फॉर्म, एमजीटी-७, त्याला ६० दिवस. १० सप्टेंबरला सभा झाली तर ९ नोव्हेंबर. सभा ठरलीच नसेल तर रकाना रिकामा राहतो, आणि तिथे वेगळी ओळ लागते: "आमसभा घ्या, ३० सप्टेंबरच्या आत". जीएसटीचं सोपं आहे. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात ३बी ची तारीख तिमाही संपल्यावरच्या महिन्याची २२, ती ठरलेलीच असते.

वाढीव तारखेचा रकाना वेगळा का? कारण सरकार मुदत वाढवतं, कधी अगदी शेवटच्या घटकेला. २०२५ मध्ये ऑडिट नसलेल्यांच्या आयकर रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, आणि मग आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर. मूळ तारीख खोडून नवी लिहिली तर पुढच्या वर्षी तीच नवी तारीख नियम समजून कॉपी होते. म्हणून मूळ तसंच ठेवायचं, आणि वाढीव रकाना भरलेला असेल तर तो धरायचा.

आता रोजचा पहारेकरी. शीटच्या 'Extensions' मेनूत 'Apps Script' उघडायचं, तिथे कोड लिहायचा, आणि 'Triggers' मध्ये रोजचा टायमर लावायचा. मी सकाळी ८ ते ९ ठेवलाय. हे गूगलच्या मशीनवर चालतं, त्यामुळे आपल्याकडची लाइट गेली तरी फरक नाही. पण हे सगळं मोबाइलच्या शीट अ‍ॅपमधून होत नाही. एकदा कॉम्प्युटरवर बसावंच लागेल.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "बरोबर ७ दिवस उरले असतील तर मेल पाठव." ही चूक जवळपास सगळेच करतात. त्या एका सकाळी काही कारणाने काम चाललं नाही, तर दुसऱ्या दिवशी ६ उरतात, अट जुळत नाही, आणि तो इशारा कायमचा हुकतो. कुठे लाल अक्षरही दिसत नाही. मग अट "७ किंवा कमी" केली, तर रोज मेल येऊ लागले आणि मी वाचणंच सोडलं! उपाय असा की शेवटी कोणता टप्पा पाठवला ते त्या ओळीतच लिहून ठेवायचं.

```
const TAPPE = [30, 15, 7, 3, 1, 0];

function tappa(d) {
  return Math.min(...TAPPE.filter(t => d <= t));
}

function pathvaycha(d, sent) {
  const last = sent === '' ? Infinity : sent;
  return d < 0 || tappa(d) < last;
}
```

`d` म्हणजे उरलेले दिवस, `sent` म्हणजे शेवटचा पाठवलेला टप्पा. समजा २२ तारखेचं ३बी आहे, १५ दिवसांचा इशारा गेलाय, आणि १५ तारखेला काम बंद पडलं. १६ ला `d` येतो ६, टप्पा निघतो ७. ७ हा १५ पेक्षा लहान, म्हणजे मेल जाणार. मेल गेल्यावर रकान्यात ७ लिहायचं. १७ ला `d` ५, टप्पा पुन्हा ७, म्हणून गप्प. १९ ला ३ दिवस उरले की परत बोलणार. तारीख उलटली की मात्र रोज, कारण तेव्हा रोजचे पैसे लागतात. कोडमध्ये रिकामं आणि शून्य वेगळं धरलंय ते बघा. शून्य म्हणजे शेवटच्या दिवसाचा इशारा गेलाय, रिकामं म्हणजे अजून काहीच गेलं नाही.

आणि हो, वाढीव तारीख टाकली की हा रकाना रिकामा करायचा. नाहीतर १ वर अडकलेली ओळ नवीन मुदतीचे ३० आणि १५ चे इशारे देणारच नाही. मी एकदा इथे फसलोय.

टप्प्यांप्रमाणे माणसंही बदलतात. ३० ला फक्त मला मेल येतो. १५ ला अकाउंटंट दादांना पण, कारण बिलं तेव्हा गोळा व्हायला पाहिजेत. ३ पासून अध्यक्षांना. त्यांना पहिल्या दिवसापासून मेल पाठवले असते तर त्यांनी तिसऱ्या आठवड्यात बघणंच बंद केलं असतं. आता त्यांना मेल गेला की दहा मिनिटांत माझा फोन वाजतो.

इशारे थांबतात ते फक्त पावती नंबर भरल्यावर. जीएसटीचा एआरएन, कंपनीच्या फॉर्मचा एसआरएन. आधी मी "झालं" असा टिक ठेवला होता. दादांनी फॉर्म तयार करून टिक मारली, अपलोड राहूनच गेलं. नंबर मात्र अपलोड झाल्याशिवाय मिळत नाही.

दोन बारीक गोष्टी. स्क्रिप्टच्या 'Project Settings' मध्ये टाइम झोन भारताचा आहे का ते बघा, आणि शीटचाही तोच ठेवा. नाहीतर दिवस एकाने मागे-पुढे होतो आणि "आज शेवटचा दिवस" असा मेल उद्या येतो. दुसरं म्हणजे पहारेकरीच झोपला तर? स्क्रिप्ट अडली तर गूगल मेल करतं, पण टायमरच चुकून डिलीट झाला तर कोणी सांगत नाही. म्हणून दर सोमवारी, काही नसलं तरी, पुढच्या ४५ दिवसांची यादी मला येते. सोमवारी साडेनऊपर्यंत यादी आली नाही की मी शीट उघडतो.

या वर्षी आमसभेची तारीख ठरली त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी विचारलं, "टाकली का रे त्या तक्त्यात?" सभेच्या पाटीवरची रांगोळी वाळायची होती अजून.