जपानी बँकेचा कर्ज सिम्युलेटर कसा वाचायचा? तीन रकाने, एक निर्णय

वाशीम, रिसोड, कारंजा या भागातली मुलं इंजिनीअरिंग करून पुण्याला जातात, आणि त्यातली काही पुढे जपानला. तिथे काही वर्षं झाली की घर घ्यायचा विषय निघतो. मग बँकेच्या सिम्युलेटरचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि गावाकडून एकच सल्ला जातो: "हातात पैसे आले की आधी कर्ज फेड." भारतात हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. जपानमध्ये तो किती खरा आहे हे त्याच स्क्रीनवरच्या तीन रकान्यांतून कळतं. जपानी येत नसली तरी चालेल, चार-पाच शब्द ओळखता आले की पुरे.

आधी रक्कम: 万 म्हणजे दहा हजार

पहिला रकाना असतो 借入金額, म्हणजे कर्जाची रक्कम. त्याच्या पुढे छोट्या अक्षरात 万円 लिहिलेलं असतं. 万 (उच्चार 'मान') म्हणजे दहा हजार. आपण लाख-कोटीत मोजतो, ते 'मान'मध्ये मोजतात. रकान्यात `3000` टाकलं तर ते तीन हजार येन नसून 3000 × 10,000, म्हणजे तीन कोटी येन होतात. आकडा विचित्र दिसला तर सगळ्यात आधी हे 万 तपासा.

金利 आणि 返済期間: व्याजदर आणि मुदत

金利 ('किन्री') म्हणजे वार्षिक व्याजदर. 返済期間 ('हेन्साइ किकान') म्हणजे फेडीची मुदत, बहुधा वर्षांत. उदाहरण म्हणून 3000万円, 1.0% आणि 35 वर्षं घेऊ. हप्त्याचं सूत्र आपल्याकडच्या ईएमआयचंच आहे, त्यामुळे स्वतः पडताळून बघता येतं:

```python
r = 0.01 / 12
n = 35 * 12
p = 30000000
print(int(p * r / (1 - (1 + r) ** -n)))
```

उत्तर येतं `84685`. स्क्रीनवर 毎月返済額, म्हणजे दरमहा हप्ता, या शब्दांपुढे हाच आकडा दिसायला हवा. एखाद्या येनचा फरक पूर्णांक करण्याच्या पद्धतीमुळे पडू शकतो. फरक हजारांत असेल तर ボーナス返済 हा पर्याय चालू आहे का बघा. त्यात वर्षातून दोनदा बोनसमधून जास्त रक्कम जाते, म्हणून महिन्याचा हप्ता कमी दिसतो.

व्याजदराजवळ 変動 लिहिलं असेल तर दर बदलता आहे, 固定 असेल तर स्थिर. बदलत्या दरात एक गंमत आहे. साधा सिम्युलेटर आजचाच दर पूर्ण 35 वर्षं धरून चालतो. पण बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये ऋण व्याजदराचं धोरण संपवलं आणि त्यानंतर दर वाढवले. म्हणून त्याच रकान्यात `2.0` टाकून बघा: हप्ता सुमारे 99,400 येन होतो, म्हणजे महिन्याला जवळपास 14,700 येन जास्त. हा हप्ता झेपत नसेल तर 1.0% चा हप्ता बघून खूश व्हायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच जपानी बँकांत बदलत्या दराच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षं तोच ठेवतात आणि नंतर वाढवला तरी जुन्या हप्त्याच्या 1.25 पटीच्या वर नेत नाहीत. ऐकायला छान वाटतं. पण दर वाढला तर त्याच हप्त्यातला व्याजाचा वाटा वाढतो आणि मुद्दल हळू फिटतं. हा नियम सगळ्या बँकांत नसतो, त्यामुळे आपल्या बँकेत आहे का हे विचारावं लागतं.

繰上返済手数料: मुदतीआधी फेडण्याचं शुल्क

हा सगळ्यात लांब शब्द. 繰上返済 म्हणजे मुदतीआधीची फेड आणि 手数料 म्हणजे शुल्क. इथे 無料 किंवा 0円 दिसलं तर शुल्क नाही. पण त्याच्या शेजारचे शब्द वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. 一部 म्हणजे थोडी रक्कम फेडणं, 全額 म्हणजे सगळं कर्ज एकदम मिटवणं. थोडी फेड ऑनलाइन केली तर फुकट आणि शाखेत जाऊन किंवा पूर्ण फेड केली तर शुल्क, असं अनेकदा असतं.

आता शुल्क शून्य आहे असं धरू. पाच वर्षांनी बोनसचे 100万円, म्हणजे दहा लाख येन हातात आले. तेव्हा सुमारे 2,633万円 कर्ज बाकी असतं. स्क्रीन दोन पर्याय देते. 期間短縮型 निवडलं तर हप्ता तोच राहतो आणि मुदत घटते: साधारण 15 महिने वाचतात आणि व्याज सुमारे 3.4 लाख येनांनी कमी होतं. 返済額軽減型 निवडलं तर मुदत तीच राहते आणि हप्ता सुमारे 3,200 येनांनी घटतो, पण व्याज फक्त 1.6 लाख येनांच्या आसपास वाचतं. पैसे तेवढेच, पण बचत निम्म्याहून कमी.

आता हेच आपल्याकडे करून बघा. 30 लाख रुपये, 8.5%, 20 वर्षं. पाच वर्षांनी एक लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला तर पुढचं व्याज सुमारे 2.4 लाखांनी घटतं. म्हणजे भारतात शंभर भरले तर दोनशे चाळीस वाचतात, जपानच्या उदाहरणात शंभरावर फक्त चौतीस. गावाकडचा सल्ला तिथे का लागू पडत नाही याचं कारण हेच. फरक शुल्कामुळे पडत नाही, तो 金利च्या रकान्यातून येतो.

सिम्युलेटर जे दाखवत नाही

जपानमध्ये घरकर्जावर करसवलत आहे, 住宅ローン控除. अटींत बसलात तर वर्षअखेरीला बाकी असलेल्या कर्जाच्या 0.7% इतकी रक्कम ठरावीक वर्षं करातून कमी होते, कमाल मर्यादेत. कर्ज लवकर फेडलं की बाकी घटते आणि सवलतही घटते. 1% व्याज देताना 0.7% परत येत असेल, तर त्या वर्षांत लवकर फेडून प्रत्यक्षात फारच थोडं वाचतं. शिवाय मुदत घटवताना एकूण मुदत दहा वर्षांच्या खाली गेली तर सवलतच जाते.

दुसरं, व्हिसा. अनेक जपानी बँका परदेशी माणसाला घरकर्ज देताना कायम वास्तव्याची परवानगी मागतात. साधा सिम्युलेटर हे विचारत नाही. त्यामुळे हप्ता दिसला म्हणजे कर्ज मंजूर झालं असा अर्थ होत नाही.

तिसरं, कर्ज घेतानाचा खर्च. 保証料 म्हणजे हमीशुल्क आणि 事務手数料 म्हणजे बँकेचं प्रक्रियाशुल्क. हे बहुधा हप्त्यात धरलेलं नसतं आणि वेगळं भरावं लागतं. दोन बँकांची तुलना करताना दोघांचे हे आकडे मिळवल्याशिवाय कमी व्याजदराच्या बँकेकडे धावू नका.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट आला की चार प्रश्न विचारा: दर 変動 आहे की 固定? 2% ला हप्ता किती होतो? थोड्या आणि पूर्ण फेडीचं शुल्क किती? करसवलतीची वर्षं कधी संपतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत बोनसचे पैसे बँकेत राहिले तरी बिघडत नाही. आजारपण, नोकरीतला बदल किंवा अचानक गावी यायचं तिकीट यासाठी तेच कामी येतात. एकदा कर्जात भरलेली रक्कम मात्र परत मागता येत नाही.