सलूनच्या प्रीपेड वॉलेटचा खरा हिशेब

सलूनमध्ये १०,००० रुपये आगाऊ भरल्यास वॉलेटमध्ये १२,००० रुपये जमा होतात. ही २० टक्के सूट वाटते. पण १२,००० रुपयांच्या सेवेवर २,००० वाचतात, म्हणजे प्रत्यक्ष सूट सुमारे १६.७ टक्के असते. तीही पूर्ण रक्कम वापरली तरच.

समजा, वर्षाची मुदत संपताना २,५०० रुपये शिल्लक राहिले आणि ते बुडाले. ग्राहकाला ९,५०० रुपयांची सेवा १०,००० रुपयांना पडली, म्हणजे ५०० रुपयांचा तोटा झाला. शिल्लक २,००० रुपयांपेक्षा जास्त राहिली की बोनस उलटा पडतो. दर महिन्याला ६०० रुपये खर्च करणाऱ्याचे वर्षात ७,२०० रुपयेच संपतात; त्याला ही योजना महागच पडते.

दुसरा धोका दुकान बंद पडण्याचा. फक्त त्याच दुकानात चालणाऱ्या वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि आगाऊ रकमेला बँकेतील ठेवीसारखे विमासंरक्षणही नसते. दुकानाला टाळे लागल्यास ग्राहक इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी मुदत, परताव्याची अट आणि वॉलेटवर इतर सवलती चालतात का, हे लेखी घ्यावे. रक्कम मात्र तीन-चार महिन्यांच्या नेहमीच्या खर्चाएवढीच भरावी.