जर्मनीचे लीड आणि तीन प्रश्न

इन्स्टाग्रामवर ‘जर्मनीत मोफत एमएस’ अशी जाहिरात येते. त्यावर बोट टेकवले की अॅपमध्येच छोटा फॉर्म उघडतो. नाव, मोबाइल आणि ईमेल प्रोफाइलमधून आपोआप भरलेले असतात, त्यामुळे दोन टिचक्यांत ही माहिती परदेशी शिक्षणाच्या सल्लागार संस्थेकडे पोहोचते. ही लीड अॅड. भरायला कष्ट नाहीत म्हणून त्यात सगळेच येतात: खरा इच्छुक, बारावीतला हौशी आणि चुकून बोट लागलेलाही. कौन्सेलर फोन लावते तेव्हा नंबर जुना निघतो, नाहीतर पलीकडून ऐकू येते, “मी असा काही फॉर्म भरलाच नाही.”

यावरचा पहिला उपाय तांत्रिक आहे. मेटाच्या फॉर्ममध्ये More volume ऐवजी Higher intent निवडला की पाठवण्यापूर्वी माहिती एकदा तपासायला लावणारा पडदा येतो. चुकून आलेले त्याने गळतात, पण हौशी गळत नाहीत. त्यांच्यासाठी बजेट, परीक्षा आणि इनटेक हे तीन प्रश्न असतात. ते कसे विचारले जातात, त्यावर सगळे अवलंबून असते.

बजेटचा प्रश्न सर्वांत फसवा. ‘तुमचे बजेट किती?’ याला बहुतेक विद्यार्थी अंदाजाने उत्तर देतात, कारण आकडा घरच्यांशी बोलून ठरलेलाच नसतो. त्यात जर्मनीच्या ‘मोफत’ शब्दाची भर. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे, पण व्हिसासाठी राहण्याखाण्याची सोय दाखवावी लागते. त्यासाठी सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर हे जवळपास 12 लाख होतात. म्हणून हा आकडा प्रश्नातच सांगून विचारलेले बरे: ‘पहिल्या वर्षासाठी सुमारे 12 लाख रुपये खात्यात दाखवावे लागतात. ते कसे उभे राहतील?’ पर्याय चार पुरतात: बचत, शिक्षणकर्ज, दोन्ही मिळून, अजून ठरले नाही. शेवटचा पर्याय निवडणाराही वाया जात नाही, मात्र त्याच्याशी पहिले बोलणे पालकांना घेऊन व्हावे. ‘वडिलांचे उत्पन्न किती?’ हा सोपा वाटणारा प्रश्न टाळावा. पूर्वपरवानगीशिवाय उत्पन्न विचारायला मेटाच्या नियमांत मनाई आहे.

परीक्षेच्या गुणांसाठी मोकळी चौकट ठेवली तर ‘७ येतील’, ‘तयारी चालू’ अशी उत्तरे येतात आणि ती चाळत बसावे लागते. त्याऐवजी निवडीचे पर्याय द्यावेत: आयईएलटीएस दिली आणि 6.5 किंवा जास्त, दिली पण त्यापेक्षा कमी, तारीख घेतली आहे, अजून काहीच नाही. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांना 6.5 लागतात. निकाल दोन वर्षे चालतो, तेव्हा परीक्षा कधी दिली हे कौन्सेलरने फोनवर आधी विचारावे.

इनटेकचा प्रश्न कॅलेंडरशी बांधलेला आहे. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात आणि उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलैपर्यंत असते, काही विद्यापीठांत त्याच्याही आधी. शिवाय भारतीय विद्यार्थ्याला 2022 च्या नोव्हेंबरपासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते आणि ते हाती यायला काही आठवडे जातात. जून उजाडल्यावर एपीएसचा अर्जही न केलेला विद्यार्थी ‘येता ऑक्टोबर’ म्हणत असेल, तर तो बहुधा पुढच्या सत्राचा उमेदवार असतो. त्याला तसे स्पष्ट सांगावे.

आता पुण्यातल्या एखाद्या संस्थेचा काल्पनिक हिशेब करून पाहू. 20,000 रुपयांत साध्या फॉर्मवर 200 लीड आले, म्हणजे एक लीड 100 रुपयांना पडला. त्यांतले आठ जण खरोखर भेटायला आले, तर एक भेट 2,500 रुपयांची झाली. तीन प्रश्नांच्या फॉर्मवर तेवढ्याच पैशांत 60 लीड आले आणि 15 जण भेटायला आले, तर लीड 333 रुपयांना पडतो, पण भेट सुमारे 1,333 रुपयांना. अहवालात ‘लीडचा भाव’ तिपटीहून जास्त वाढलेला दिसतो आणि मालक घाबरून प्रश्न काढून टाकायला सांगतो. ही चूक नेहमीची आहे.

कोण भेटायला आले, कोणी प्रवेश घेतला हे मेटाला परत कळवले नाही, तर त्याच्या लेखी सगळे लीड सारखेच असतात आणि तो पुन्हा फॉर्म भरण्याची सवय असलेलेच शोधून आणतो. सीआरएम जोडून ही माहिती पाठवता येते. पण छोट्या संस्थेकडे महिन्याचे लीड इतके थोडे असतात की त्यावरून यंत्रणा फारसे शिकत नाही. तिथे प्रश्नांवरच भिस्त ठेवावी लागते.

शिवाय प्रसिद्ध केलेला फॉर्म दुरुस्त करता येत नाही, त्याची प्रत काढून नवा करावा लागतो. त्याचा कंटाळा म्हणून ‘येता ऑक्टोबर’ हा पर्याय कित्येक फॉर्मवर सप्टेंबरातही तसाच दिसतो.