भजी मऊ का पडतात?

कढईतून काढलेली कांदाभजी पहिली पाच मिनिटं कुरकुरीत असतात. पाहुणे हात धुऊन येईपर्यंत ती नरम पडतात आणि बोटांना तेल लागू लागतं. दोष बहुतेक वेळा पिठाला किंवा सोड्याला दिला जातो. पण बरंचसं बिघडतं ते भजी तेलातून बाहेर आल्यानंतर.

भजं तेलात असताना काय होतं ते आधी पाहू. तेल साधारण १७० ते १८० अंशांवर तापलेलं असतं. पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे पिठातल्या आणि कांद्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बुडबुड्यांच्या रूपात जोरात बाहेर येते. हा बाहेरचा जोर असेतो तेलाला आत फारसा शिरकाव मिळत नाही. वाफ निघून गेलेल्या जागी बारीक छिद्रं राहतात, पीठ कोरडं होऊन कडक होतं आणि त्याचंच कुरकुरीत कवच बनतं.

झाऱ्यावर भजं बाहेर आलं की वारं फिरतं. कवच निवू लागतं, छिद्रांमधली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि आतला दाब उतरतो. अंगाला चिकटलेलं तेल मग त्या छिद्रांमधून आत ओढलं जातं. तळलेल्या पदार्थातलं बरंचसं तेल कढईत नव्हे, तर असं निवताना आत जातं. म्हणून झारा वर आल्यानंतरचं अर्धं मिनिट फार मोलाचं. तेल गरम असेतो पातळ असतं आणि झटकलं की निथळतं. निवलं की दाट होऊन चिकटून बसतं.

दुसरा त्रास वाफेचा. भज्याच्या पोटात कांद्याचं पाणी असतंच, आणि बाहेर आल्यावरही ते वाफ सोडत राहतं. कागदावर ठेवलेल्या भज्याच्या बुडाची वाफ कुठे जाणार? कागदाला लागून तिचं पाणी होतं आणि बूड भिजतं. वर दुसरा घाणा रचला, की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते. झाकण ठेवलं तर विचारूच नका, त्याच्या आतल्या बाजूला थेंब साचून ते पुन्हा भज्यांवरच पडतात.

इथे जाळी उपयोगी पडते. घरात वेगळी जाळी नसली तर मोठ्या भोकांची पिठाची चाळणी ताटावर उंच ठेवावी, खाली दोन बोटं तरी मोकळी हवा हवी. भजी एका थरात, एकमेकांना न टेकता पसरावीत. मात्र जाळी सगळं तेल काढत नाही. निथळलेलं तेल थेंब होऊन भज्याच्या बुडाशी लोंबकळत राहतं, तिथे कागदच सरस ठरतो. म्हणून मला पटलेला क्रम असा: झाऱ्यावर भजी घेऊन कढईच्या काठावर दोन-तीन झटके द्यावेत, क्षणभर कागदावर टेकवून उलटवावीत, आणि लगेच जाळीवर टाकावीत. कागदानं तेल टिपायचं, जाळीनं वाफेला वाट द्यायची. कागद म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. त्याची शाई गरम तेलात उतरते.

फरक पाहायचा असेल तर एकाच घाण्यातली अर्धी भजी कागदावर आणि अर्धी चाळणीत ठेवून पाच मिनिटांनी उलटून पाहावीत. कागदावरची बुडाशी दमट लागतील, चाळणीतली सगळीकडून सारखी.

तळतानाच थोडी काळजी घेतली तर निथळण्याचं काम हलकं होतं. कांद्याला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावं, सुटलेल्या पाण्यातच बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ कालवावं, वरून पाणी घालू नये. बुडबुड्यांचा आवाज मंदावला की पाणी बरंच गेलं असं समजावं. भजी काढण्याआधी आच थोडी मोठी करावी, म्हणजे तेल पातळ राहतं. एकाच वेळी कढई भरली तर तेल थंडावतं, कवच उशिरा धरतं आणि भजी तेलकट होतात. सोडा जास्त झाला तर छिद्रं वाढतात, आणि तेलाला शिरायला जागाही.

एवढं करूनही जाळी वेळ वाढवून देते, कायमचा उपाय देत नाही. पोटातलं पाणी हळूहळू कोरड्या कवचाकडे सरकतं आणि ते नरम करतं. बटाटेवड्यात सारणच ओलं, त्यामुळे तो लवकर हार मानतो. चकलीत आत ओल उरलेलीच नसते, म्हणून ती डब्यात टिकते. अट एकच, पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. नरम पडलेली भजी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर आतलं पाणी आणखी कवचात येतं. त्यापेक्षा कोरड्या तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, उलटसुलट करत पाच-सात मिनिटं शेकावीत.